बेरीज जुळली तरी बिल बघा

बोईसरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. मुले मोठी झाली, बी. कॉम. झालेले होतेच, म्हणून तारापूर एम.आय.डी.सी.तल्या एका कारखान्यात त्या हिशेब खात्यात इंटर्न म्हणून जाऊ लागल्या आहेत. काम काय, तर खरेदीची बिले लेजरमधल्या नोंदींशी ताडून पाहायची. त्या विचारतात, "एकूण रक्कम जुळली की मी टिक करते. एवढे पुरे ना?"

नाही हो, पुरे नाही! आणि तुमच्या बोईसरला तर मुळीच नाही. कारण तुमच्या कारखान्यांचा बराच माल भिवंडी-मुंबईकडून येतो, तसाच तो वापीहूनही येतो. वापी गाडीने फार लांब नाही, पण ते राज्य दुसरे. आपल्या राज्यातला विक्रेता बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन कर लावतो, तर गुजरातेतून येणाऱ्या मालावर आयजीएसटी हा एकच कर लागतो. दोन्हीकडे टक्का मात्र सारखाच भरतो, आणि फसगत होते ती इथेच.

एक उदाहरण घेऊ. वापीच्या एका व्यापाऱ्याकडून सोडा ॲशच्या 50 किलोच्या 40 गोण्या आल्या. किलोला 38 रुपये भाव धरला तर मालाचे झाले 76,000 रुपये. त्यावर 18 टक्के आयजीएसटी 13,680 रुपये, आणि बिल 89,680 रुपयांचे. आता लेजर उघडा. तिथेही 89,680च आहेत. पण खालच्या ओळीत सीजीएसटी 6,840 आणि एसजीएसटी 6,840 असे दिसते. बेरीज तंतोतंत जुळते, नोंद मात्र चुकलेली आहे.

असे का झाले असेल? बहुतेक वेळा कारण साधे असते. त्याच व्यापाऱ्याचा भिवंडीलाही डेपो असतो. लेजरमध्ये एकाच नावाची दोन खाती असतात, एक वापीचे नि एक भिवंडीचे. घाईत नोंद करणाऱ्याने पहिले दिसले ते खाते निवडले, की झाले! म्हणून बिलावरच्या नावाकडे पाहू नका, विक्रेत्याच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक पाहा. 27 म्हणजे महाराष्ट्र, 24 म्हणजे गुजरात. तेच दोन अंक लेजरमधल्या खात्याला आहेत का, ते आधी बघावे आणि मगच रकमेकडे वळावे.

ही चूक तशीच राहिली तर महिना संपल्यावर डोके वर काढते. पुढच्या महिन्याच्या साधारण 14 तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर GSTR-2B हा तक्ता येतो. विक्रेत्यांनी आपल्या नावावर कोणती बिले दाखवली, ते त्यात असते. तिथे हे बिल वापीच्या क्रमांकाखाली दिसेल, पण आपल्या वहीत वापीच्या खात्यात ते नसेल. उलट भिवंडीच्या खात्यात एक बिल जास्तीचे, ज्याचा तक्त्यात पत्ताच नाही. चूक एकच, पण दिसते दोन ठिकाणी! म्हणून एक बिल "सापडत नाही" आणि त्याच रकमेचे दुसरे "जास्तीचे" असे दिसले, की दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहा. व्यापाऱ्याला स्मरणपत्र धाडण्याची घाई करू नका, त्या बिचाऱ्याचे काही चुकलेले नसते.

जाता जाता आणखी एक खूण सांगते. रकमेतच फरक असेल आणि त्याला 9ने नि:शेष भाग जात असेल, तर शेजारचे दोन आकडे उलटे टाइप झाल्याचा संशय घ्यावा. 48,350 च्या जागी 43,850 पडले तर फरक 4,500. मात्र ही नुसती खूण आहे, पुरावा नव्हे. दुसऱ्या कारणानेही असा फरक येऊ शकतो.

आता वरिष्ठांना सांगायचे कसे? पहिली गोष्ट, नोंद आपण होऊन दुरुस्त करू नये. त्या महिन्याचे विवरणपत्र भरून झाले असेल तर दुरुस्तीची वाट वेगळी असते आणि ते ठरवणे वरिष्ठांचे काम. शिवाय कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहणे 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचे आहे. तुमच्या नावाने उगाच बदल कशाला दिसायला हवा?

"मॅडम, वापीच्या एंट्रीत घोळ आहे," एवढेच सांगितले तर त्यांना सगळे मुळापासून शोधावे लागते. त्यापेक्षा छोटी चिठ्ठी लिहावी. बिलाचा क्रमांक नि तारीख, व्हाउचरचा क्रमांक, आणि मग, "बिलावर आयजीएसटी 13,680. नोंदीत सीजीएसटी व एसजीएसटी प्रत्येकी 6,840. बिलावर जीएसटी क्रमांक 24ने सुरू, खाते 27चे निवडलेले दिसते. कृपया पाहावे." सोबत बिलाची प्रत. कोणी नोंद केली ते लिहूच नये.

त्या खात्यातून व्यापाऱ्याला पैसे गेले असतील तर तेही चिठ्ठीत घालावे. कारण मग नुसती बिलाची नोंद वापीच्या खात्यात हलवली, तर भिवंडीच्या खात्यात आगाऊ रक्कम दिसते आणि वापीचे बिल फेडलेले असूनही देणे बाकी दिसते. चिठ्ठीची एक प्रत वरिष्ठांची सही घेऊन आपल्या फाइलला लावावी, आणि दुरुस्ती झाली की तिच्यावरच नव्या व्हाउचरचा क्रमांक टिपून ठेवावा.