साडेसदतीस की छत्तीस?

मुलांनो, गेल्या महिन्यात माझी सांगलीची भाची दोन दिवस साताऱ्याला आमच्याकडे आली होती. आठवीत आहे. येताना दप्तर घेऊन आली, आणि दप्तरापेक्षा जड तोंड! त्याचं कारण होतं एक गणित.

झालं होतं असं. तिच्या शिकवणीचे सर रविवारी शंकानिरसनाचा तास घेतात. त्या रविवारी ही तापानं अंथरुणात. मैत्रिणीनं सरांना विचारून तो तास मोबाइलवर टेप केला आणि हिला पाठवला. अकरा मिनिटांचं बोलणं. हिनं ते तीनदा ऐकलं, वहीत गणित सोडवलं आणि उत्तर काढलं ३६. टेपमध्ये मात्र सर शेवटी स्पष्ट म्हणतात, "साडेसदतीस. कळलं सगळ्यांना?" आणि सगळी मुलं एका सुरात, "हो सर!"

"सगळ्यांना कळलं, मला एकटीलाच नाही. मावशी, माझं डोकंच चालत नाही गं गणितात," ती म्हणाली.

मी म्हटलं, डोक्याचं नंतर बघू. आधी हा तास आपण कागदावर उतरवू. तो कसा उतरवला, तेच आज तुम्हाला सांगते.

सगळ्यात आधी आम्ही गणित शोधलं. तुम्ही म्हणाल, ते तर टेपमध्येच असेल. नव्हतं! टेप सुरू होते तीच "आता याच्यात काय दिलंय बघा" इथून. सरांनी गणित फळ्यावर लिहिलं होतं आणि फळा काही टेपमध्ये येत नाही. म्हणून मैत्रिणीला फोन करून गणित शब्दाला शब्द लिहून घेतलं. ते असं :

एक टेम्पो साताऱ्याहून सांगलीला रिकामा गेला, ताशी ५० किलोमीटर वेगानं. सांगलीहून हळदीची पोती भरून त्याच रस्त्यानं परत आला, ताशी ३० किलोमीटर वेगानं. अंतर १२० किलोमीटर. तर जाऊन-येऊन पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती?

आता तुम्ही पुढं वाचण्याआधी तोंडानं एक उत्तर सांगून टाका बघू. सांगितलंत? लक्षात ठेवा, त्याचं आपल्याला काम आहे.

मग आम्ही कागदाच्या मधोमध एक उभी रेघ ओढली. डावीकडं सर जे बोलले ते, उजवीकडं मुलं जे बोलली ते. एक वाक्य ऐकायचं, टेप थांबवायची, लिहायचं. अकरा मिनिटांच्या टेपला पाऊण तास लागला. पण लिहिताना लगेच एक अडचण दिसली. सर म्हणत होते, "हे याच्यावर भागा, मग ते इकडं घ्या." वर्गात बसलेल्याला सरांचं बोट दिसतं, आपल्याला नाही. म्हणून आम्ही एक नियम केला : 'हे', 'ते', 'इकडं' असा एकही शब्द कागदावर ठेवायचा नाही. त्या जागी त्या वस्तूचं नाव लिहायचं. "हे याच्यावर भागा" याचं झालं "जाण्याचं अंतर जाण्याच्या वेगानं भागा." नाव लिहिता येत नसेल, तर ती पायरी आपल्याला कळलेलीच नाही असं समजायचं.

दुसरा नियम असा, की टेपमधला प्रत्येक आकडा आपण स्वतः करून बघायचा. जुळला तरच त्याच्यापुढं बरोबरची खूण करायची. कोणाच्याही आवाजावर विश्वास ठेवून खूण करायची नाही, मग तो आवाज सरांचा असला तरीसुद्धा.

आणि इथंच चोर सापडला!

चौथ्या मिनिटाला सर विचारतात, "जायला वेळ किती लागला?" उजव्या रकान्यात एका मुलाचा आवाज आहे, "दोन तास चाळीस मिनिटं!" सर घाईत "हां, आणि यायला?" म्हणून पुढं जातात. भाचीनं तेच वहीत लिहिलं होतं. आता आम्ही स्वतः भागाकार केला. १२० भागिले ५०, उत्तर २.४ तास. दोन पूर्णांक चार दशांश तास म्हणजे दोन तास चाळीस मिनिटं नव्हे. तासात मिनिटं १०० नसतात, ६० असतात. तासाचे चार दशांश म्हणजे ६० गुणिले ०.४, म्हणजे २४ मिनिटं. जायला लागले २ तास २४ मिनिटं. सरांनी फळ्यावर २.४ हेच लिहिलं असणार आणि तेच पुढं वापरलं असणार, म्हणून त्यांचं उत्तर बरोबर आलं. वर्गातल्या मुलांनी फळा पाहिला, आमच्या पोरीनं फक्त आवाज ऐकला. तिची रीत पहिल्यापासून बरोबर होती, फक्त एक आकडा तिनं ऐकीव घेतला होता.

तिचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता तुम्ही!

मग आम्ही रेघ मारलेला तो कच्चा कागद बाजूला ठेवला आणि नव्या पानावर पक्क्या पायऱ्या लिहिल्या. त्यात ना सर, ना मुलं. फक्त काय करायचं आणि का करायचं.

पायरी १. सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ. म्हणून आधी या दोनच गोष्टी शोधायच्या.

पायरी २. एकूण अंतर : जाताना १२०, येताना १२०, मिळून २४० किलोमीटर.

पायरी ३. जाण्याचा वेळ : १२० ÷ ५० = २.४ तास.

पायरी ४. येण्याचा वेळ : १२० ÷ ३० = ४ तास.

पायरी ५. एकूण वेळ : २.४ + ४ = ६.४ तास.

पायरी ६. सरासरी वेग : २४० ÷ ६.४ = ३७.५. म्हणजे ताशी साडेसदतीस किलोमीटर.

प्रत्येक ओळीच्या शेवटी किलोमीटर की तास हे लिहायला विसरू नका. नुसतं २.४ लिहिलं, की त्याचं 'दोन चाळीस' व्हायला वेळ लागत नाही.

आता उरला उजवा रकाना, म्हणजे मुलांची चुकलेली उत्तरं. ती आम्ही टाकून दिली नाहीत. चुका टाळायच्या असतील, तर या रकान्यासारखी दुसरी जागा नाही, कारण वर्गात ज्या चुका झाल्या त्याच घरी होणार. प्रत्येक चुकीपुढं आम्ही दोन गोष्टी लिहिल्या : ती बरोबर का वाटते, आणि ती पकडायची कशी.

पहिलं उत्तर होतं ४०. टेपमध्ये हे सगळ्यात मोठ्या आवाजात आलंय. तुमचंही मघाशी हेच आलं ना? पन्नास आणि तीस यांची बेरीज ८०, निम्मे ४०. बरोबर वाटतं, कारण अंतर दोन्हीकडं सारखंच आहे. पण टेम्पो ताशी ५० नं धावला फक्त २.४ तास, आणि ताशी ३० नं रखडला चक्क ४ तास. जास्त वेळ हळू चालला, म्हणून सरासरी तिसाकडं झुकणार, ४० पेक्षा कमीच येणार. दोन वेगांचं निम्मं केव्हा चालतं? दोन्ही वेगांनी सारखाच वेळ प्रवास झाला असेल तेव्हा. दोन तास ताशी ५० नं आणि दोन तास ताशी ३० नं, तर अंतर १६० आणि वेळ ४ तास, सरासरी ४०. म्हणून गणितात सारखं काय आहे, अंतर की वेळ, हे आधी बघायचं.

दुसरं उत्तर १८.७५. यानं १२० लाच ६.४ नं भागलं. वेळ दोन्ही बाजूंचा घेतला आणि अंतर एकाच बाजूचं! हे पकडणं सोपं आहे. टेम्पो कधीही ताशी ३० पेक्षा हळू गेलाच नाही, मग सरासरी त्याच्या खाली कशी जाईल? उत्तर नेहमी दोन वेगांच्या मध्येच हवं.

आणि तिसरं उत्तर ३६, आमच्या भाचीचं. हे मोठं लबाड आहे बरं का! ते तीस आणि पन्नासच्या मध्ये आहे. चाळीसपेक्षा कमीही आहे. म्हणजे वरच्या दोन्ही चाळण्यांतून अलगद खाली उतरतं. मग हे पकडायचं कसं?

त्याला तिसरी चाळण हवी. या प्रकारच्या गणितात दोन्ही बाजूंचं अंतर सारखं असलं, की ते अंतर किती आहे यानं सरासरी बदलत नाही. म्हणून सोयीचं अंतर घ्या, ज्याला ५० नंही भाग जातो आणि ३० नंही. समजा १५० किलोमीटर. जायला ३ तास, यायला ५ तास, एकूण ८ तास. अंतर ३००. तीनशे भागिले आठ, ३७.५. दशांशाची भानगडच आली नाही! हे उत्तर आधीच्या उत्तराशी जुळलं, तर ठीक. नाही जुळलं, तर कुठंतरी चुकलंय हे नक्की.

हे सगळं लिहून झाल्यावर टेप बंद केली, पान झाकलं आणि मी भाचीला वेगळे आकडे दिले. ते तिनं न अडखळता सोडवलं. पान पुरं झालं की नाही, हे असं बघायचं असतं. नवं गणित सोडवताना पुन्हा टेपकडं हात गेला, तर पानात एखादी पायरी सुटली आहे आणि ती परत शोधायला हवी.

जाताना तिनं त्या पानाची एक नक्कल केली, मैत्रिणीसाठी. वर्गातल्या कुणाचंही नाव त्यात ठेवलं नाही. कोण चुकलं याच्याशी आपल्याला काय करायचंय? आणि 'दोन तास चाळीस मिनिटां'चं सरांनाही सांगणार आहे म्हणाली. सांगायलाच हवं. त्या दिवशी "हो सर" म्हणणाऱ्यांत आणखी कोणाच्या वहीत ते तसंच असेल, कुणास ठाऊक!

आता तुमच्यासाठी एक. एक मुलगी घरून शाळेत सायकलवर जाते, ताशी १२ किलोमीटर वेगानं. येताना सायकल पंक्चर होते, म्हणून त्याच रस्त्यानं ती ढकलत आणते, ताशी ४ किलोमीटर वेगानं. सरासरी वेग किती? अंतर दिलेलं नाही, हे पाहून घाबरू नका. तिसरी चाळण आठवा. आणि उत्तर ८ आलं, तर उजवा रकाना पुन्हा एकदा वाचा.