दाखला अडवायचा कशासाठी?

‘हिशेब मिटल्याशिवाय एकही पत्र मिळणार नाही,’ हे नोकरी सोडणाऱ्याला एचआरचं ठरलेलं उत्तर. पत्र हाती पडलं की माणूस फोन उचलत नाही, मग थकबाकी कुणाकडून वसूल करायची, असा त्यांचा युक्तिवाद. तो अगदीच पोकळ नाही. पण त्यात दोन वेगळ्या कागदांची एकच मोट बांधलेली असते.

रिलीव्हिंग लेटर म्हणजे ‘राजीनामा स्वीकारला, अमुक तारखेला कामातून मोकळं केलं’ हा कंपनीचा निर्णय. अनुभव प्रमाणपत्रात, म्हणजे दाखल्यात, कसलाच निर्णय नसतो. कोण, कोणत्या पदावर, कधीपासून कधीपर्यंत कामाला होता, एवढंच त्यात असतं. घडून गेलेली गोष्ट पैशासाठी तारण ठेवता येत नाही.

पांढरकवड्यातला आमच्या ओळखीचा एक पोरगा छोटी कर्जं देणाऱ्या कंपनीत वसुलीला होता. पगार १८,००० रुपये, नोटीस ३० दिवसांची. ३ जूनला राजीनामा दिला, तो मंजूर झाला, पण नव्या नोकरीसाठी १७ जूनलाच बाहेर पडला. म्हणजे १५ दिवस कमी पडले, त्याचे ९,००० रुपये. शिल्लक रजेचे सहा दिवस, म्हणजे ३,६०० रुपये, वजा करता देणं राहिलं ५,४००. कंपनीने दोन्ही पत्रं अडवली. ‘देऊन टाकू म्हणते काका, पण देत तर नाही,’ पोरगा सांगत होता. महिनाभर तो नुसता फोन करत होता. फोनला पुरावा नसतो.

रिलीव्हिंग लेटर अडवणं मला समजतं, कारण त्याची नोटीस खरंच अपुरी होती. दाखला का अडवला? १९४६च्या केंद्रीय नियमांतले आदर्श स्थायी आदेश कायम कामगाराला बडतर्फीच्या वेळीसुद्धा सेवा प्रमाणपत्राचा हक्क देत होते. ते नियम औद्योगिक आस्थापनांचे होते, या पोराला सरळ लागू झाले असतेच असं नाही. पण हाकललेल्यालाही मिळणारा कागद राजीनामा देणाऱ्याने मागितला, तर बिघडलं कुठे?

शेवटी त्याने मेल केला. कर्मचारी क्रमांक, पद, रुजू तारीख, शेवटचा दिवस १७ जून, आणि दोन वेगळ्या मागण्या: दाखला आत्ता द्या, रिलीव्हिंग लेटर ५,४०० रुपये भरल्यावर. सोबत राजीनामा मंजुरीचा मेल. तो त्याने कंपनीचा मेल बंद व्हायच्या आधी स्वतःकडे पाठवून ठेवला होता. बहुतेकांची गाडी इथेच अडते.

दाखला आठवड्यात आला. त्यात शेवटचा दिवस ३० जून. पीएफच्या सेवा इतिहासात मात्र १७ जून. नव्या कंपनीच्या पडताळणीत हा तेरा दिवसांचा फरक खोटेपणा ठरला असता, म्हणून पोराने दाखला परत पाठवून दुरुस्त करून घेतला. ५,४०० त्याने पगार झाल्यावर भरले.