संध्याकाळच्या सगळ्या अपॉइंटमेंट आधीच का देऊ नयेत?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये मुंबईहून परतणारे रुग्ण लोकलवर अवलंबून असतात. गाडी रखडली की अपॉइंटमेंट हुकते आणि आठनंतर एकदम गर्दी होते.

सहा ते नऊमध्ये प्रत्येकी 10 मिनिटांनी 18 रुग्ण तपासता येतात. दर तासाच्या सहा जागांपैकी तीन नोंदणीसाठी, दोन थेट येणाऱ्यांसाठी ठेवा; शेवटची मोकळी असू द्या. छातीत दुखणाऱ्या किंवा धाप लागलेल्या रुग्णाला नंबर न पाहता लगेच आत घ्यावे. त्यामुळे मागे पडलेला रुग्ण मोकळ्या जागेत तपासता येतो. तातडीचे कोणी आले नाही, तर ती जागा थेट आलेल्याला द्यावी.

नोंदणी केलेलेही रोज 20 मिनिटांहून अधिक ताटकळत असतील, तर 10 मिनिटे पुरत नाहीत. अशा वेळी नोंदणीची एक जागा कमी करा.