‘नाही, म्हणजे मूळचे कुठले?’

पुण्यात भाड्याची खोली शोधणाऱ्या रत्नागिरीच्या तरुणाला एक संवाद पाठ असतो. ‘कुठले तुम्ही?’ ‘रत्नागिरीचा.’ ‘वा, कोकणातले! आडनाव?’ ‘राजापूरकर.’ इथवर समोरच्याचा चेहरा प्रसन्न असतो. हापूसची, फणसाची, पावसाची चौकशीही होऊन जाते. मग पूर्ण नाव विचारले जाते. ‘इम्रान राजापूरकर’ हे उत्तर येताच क्षणभर शांतता पसरते आणि तोच प्रश्न नव्या स्वरात पुन्हा येतो : ‘नाही, म्हणजे मूळचे कुठले?’

‘मूळ गाव कोणते’ हा प्रश्न मराठी माणसाला अपमानकारक वाटण्याचे कारण नाही. दोन अनोळखी मराठी माणसे भेटली की गावावरून आडनावाकडे आणि आडनावावरून दूरच्या नात्याकडे बोलणे जातेच. सल आहे तो दुसऱ्यांदा विचारण्यात. पहिल्या वेळी माहिती हवी असते. दुसऱ्या वेळी, दिलेली माहिती खरी असूनही स्वीकारली गेलेली नसते. एकाच्या ‘राजापूर’ या उत्तरावर चौकशी संपते आणि दुसऱ्याच्या त्याच उत्तरावर ती सुरू होते. भेदभाव नेमका कुठे आहे हे पाहायचे असेल, तर या दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवावे.

आता इतिहासाकडे वळू. अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, कोकणकिनाऱ्यावर आला होता. आज रायगड जिल्ह्यात असलेले चौल तेव्हा राष्ट्रकूटांच्या सत्तेखालील भरभराटीचे बंदर होते. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने नोंदवले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व्यापारी त्यांत होतेच. पण याच वस्तीत तो एका वेगळ्या गटाचे नाव देतो, ते म्हणजे ‘बयासिरा’. या शब्दाचा अर्थही तोच सांगतो : मुसलमान आईबापांच्या पोटी हिंदुस्थानात जन्मलेले लोक. त्यांच्या प्रमुखाला ‘हुनरमन’ म्हणत आणि त्याची नेमणूक राजाकडून होत असे.

हा शब्द दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. एखाद्या वस्तीत ‘इथे जन्मलेले’ यांच्यासाठी स्वतंत्र नाव रूढ होते, तेव्हा ती वस्ती तंबू ठोकून राहणाऱ्या व्यापाऱ्यांची उरलेली नसते. त्यांच्या पुढच्या पिढ्या तेथे नांदत असतात. ही नोंद ज्ञानेश्वरीच्या पावणेचारशे वर्षे आधीची आहे.

अर्थात चौलच्या त्या वस्तीपासून रत्नागिरीतील आजच्या एखाद्या घरापर्यंत सलग वंशरेषा ओढता येणार नाही. (किनाऱ्यावरच्या इतर किती घरांची ती ओढता येईल, हाही प्रश्नच आहे.) शिवाय ‘आम्ही अरबांचे वंशज’ असे काही कोकणी मुसलमान कुटुंबे स्वतःच अभिमानाने सांगतात, आणि त्यांना परके ठरवू पाहणारा नेमके तेवढेच लक्षात ठेवतो. जहाजातून उतरलेल्या पुरुषांनी संसार मांडले ते बहुधा याच किनाऱ्यावरच्या स्त्रियांशी. त्यांच्या लेकरांनी पाळण्यात ऐकली ती या आयांची बोली. वंशकथेत मात्र या आयांचे नाव क्वचितच येते.

त्यांचा ठसा उमटला तो भाषेत आणि आडनावांत. रत्नागिरी, राजापूर, दाभोळ या पट्ट्यातील कोकणी मुसलमानांच्या घरातली पारंपरिक बोली अरबी-फारसी शब्द मुरलेली मराठी-कोकणीच आहे. आडनावे पाहिली तर काही गावावरून आलेली, ‘कर’ लावलेली. काही कामावरून आलेली : खोत, चौगुले, मुकादम, काझी. चौगुला म्हणजे गावगाड्यात पाटलाचा मदतनीस. आज हे आडनाव हिंदूंतही आहे, मुसलमानांतही. ‘सारंग’चे तसेच. जहाजावरील प्रमुखाला असलेले हे फारसी नाव दोन्ही धर्मांच्या घरांच्या दारांवर दिसते. ज्या आडनावावरून ‘हा आपला’ असा निष्कर्ष काढून प्रश्नकर्ता खूश झालेला असतो, त्याच आडनावात एकत्र नांदल्याचा पुरावा असतो.

आणि मुळाचाच शोध घ्यायचा, तर कोकणात तो कोणालाच सोयीचा नाही. भूमीचीच कथा अशी की परशुरामाने समुद्र मागे हटवून ती निर्माण केली. चित्पावनांची सह्याद्रिखंडाशी जोडलेली प्रसिद्ध दंतकथा सांगते की लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेली चौदा प्रेते परशुरामाने सजीव केली. बेने इस्रायलींची आख्यायिका नवगावजवळ फुटलेल्या जहाजाने सुरू होते. कथा खऱ्या मानाव्यात असे नव्हे. पण किनाऱ्यावरचे समाज आपापली सुरुवात समुद्रापासून सांगतात, एवढे त्यांतून दिसते. तरीही चिपळूणच्या एखाद्या जोशींना ‘नाही, म्हणजे त्या लाटेच्या आधी कुठले?’ असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

दुसरा अपमान कौतुकाच्या वेषात येतो : ‘तुमचे मराठी किती शुद्ध आहे हो!’ बोलणाऱ्याचा हेतू बहुतेकदा चांगला असतो, म्हणून उत्तर देणे अधिकच अवघड. स्वतःच्या आईच्या भाषेबद्दल शाबासकी मिळाली तर आभार कसले मानायचे? चिपळूणजवळच्या मिरजोळीत १९३२ साली जन्मलेल्या हमीद दलवाईंनी ‘लाट’मधील कथा आणि ‘इंधन’ ही कादंबरी मराठीत लिहिली. कोकणातले मुसलमान घर, त्यातली माणसे आणि त्यांचे तंटे त्यांनी ज्या भाषेत मांडले ती त्यांची शिकून मिळवलेली दुसरी भाषा नव्हती. दलवाईंचे विचार पटोत वा न पटोत (खुद्द त्यांच्या समाजात त्यांना तीव्र विरोध झाला), मराठी कथाकार म्हणून त्यांचे स्थान सौजन्याने दिलेले नाही.

येथे एक धोका आहे आणि इतिहासाची आवड असणारे त्यात हमखास सापडतात. कोणी परके म्हटले की आपण पटकन ९१६ साल पुढे करतो. शिवरायांच्या आरमारातील दौलतखानाचे नाव घेतो. १६७९ च्या खांदेरीच्या लढ्याची आठवण देतो. हे सर्व खरे आहे. पण त्यातून नकळत एक अट मान्य होते : हजार वर्षांचा दाखला किंवा लढाईतला पराक्रम दाखवेल तोच इथला. मग रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर बोटींवर राबणाऱ्या नेपाळी खलाशाच्या, इथेच शाळेत जाणाऱ्या मुलीने कोणता ताम्रपट दाखवायचा? ‘बयासिरा’ या शब्दाचे मोल त्याच्या प्राचीनतेत शोधले तर हाती फारसे लागत नाही. त्या शब्दात मोजमाप आहे ते जन्माचे. शतकांची संख्या त्यात विचारलेली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खेड-चिपळूण परिसरातील अनेक मुसलमान कुटुंबे पोटासाठी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला गेली. तेथे त्यांनी आपापल्या गावांच्या नावाने मंडळे उभारली. वर्णभेदी राजवटीने कागदोपत्री त्यांना ‘इंडियन’ या रकान्यात टाकले. तिथले इतर मुसलमान त्यांना कोकणी म्हणून ओळखत, आजही ओळखतात. केपटाऊनमध्ये ‘मूळचे कुठले’ असे विचारले की उत्तर येते ‘कोकणातले’, आणि पुढे कोणी काही विचारत नाही.