‘नीट चालले पाहिजे’ म्हणजे नेमके काय?

प्रयोगशाळेतील उपकरणाच्या फाइली एकत्र करणारा प्रोग्रॅम मी नाशिकच्या एका फ्रीलान्स प्रोग्रॅमरकडून लिहून घेतला. करारात मी एवढेच लिहिले होते, ‘प्रोग्रॅम नीट चालला पाहिजे.’ त्याच्या नमुना फाइलींवर तो चालला. आमच्या फाइलींतल्या रिकाम्या ओळींवर अडला. शेवटचा हप्ता दोन महिने रखडला. चूक माझी होती.

पुढच्या कामाला चाचणी आधी लिहिली. आमच्या ४० खऱ्या फाइली, त्यांतल्या ३ मुद्दाम बिघडवलेल्या. ३७ फाइलींचे आकडे हाताने केलेल्या तक्त्याशी जुळावेत, ३ फाइलींची नावे त्रुटियादीत यावीत. पैसे सुरुवातीला ३० टक्के, पहिली चालती आवृत्ती मिळाल्यावर ३०, चाचणी पार पडल्यावर ४०. चाचणीत नसलेली मागणी म्हणजे नवे काम, नवा मोबदला.

आणि एक कलम माझ्यावरच: काम हाती आल्यापासून १० दिवसांत मी लेखी त्रुटी कळवल्या नाहीत, तर ते स्वीकारले असे समजावे. हे कलम नसेल, तर ‘अजून बघितले नाही’ एवढे म्हणून आपण त्याचे पैसे कितीही दिवस अडवू शकतो. तो इतक्या दुरून काय करणार?