कोयता एक, माणसं दोन. आणि आमच्या भट्टीचा हिशोब

आपल्या बीड जिल्ह्यात 'कोयता' म्हणजे नुसतं हत्यार नाही. ऊसतोडीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल बहुतेक पुरुषाच्या हातात आणि त्याच्याच नावावर. ऊस तोडणं, मोळ्या बांधणं, डोक्यावरून गाडीपर्यंत नेणं यात बाई बरोबरीने असते. पहाटेचा स्वयंपाक आणि पाणी तिचंच, पण ते मोजायची पद्धतच नाही. मुकादमाला आपण नावं ठेवतो. पण हीच खोड आपल्या घरच्या धंद्यात नाही का? आमच्यात होती, म्हणून लिहितोय.

आमची खव्याची भट्टी आहे. दोन कढया, रोजचं शंभर लिटर दूध, म्हैस-गाय मिश्र. एका घाण्याला दहा लिटर, तास लागतो, दोन किलोच्या आसपास खवा पडतो. घरात अण्णा, आई, दादा, वहिनी आणि मी. कामाची वाटणी कोणी केलेली नव्हती, ती पडत गेलेली. दादा थोरला, म्हणून कढईवर तो. व्यापाऱ्यांचे फोनही त्यालाच. वहिनीकडे भांडी, झाडलोट, स्वयंपाक, पोरं.

खव्यात पहिला पाऊण तास कोणीही सांभाळेल, दूध तळाला लागू दिलं नाही की झालं. खरी परीक्षा शेवटच्या पंधरा मिनिटांत. जाळ ओढून कमी करायचा, उलथनं थांबू द्यायचं नाही, गोळा कढईची कड सोडायला लागला की उतरवायचा. दोन मिनिटं उशीर झाला की तपकिरी ठिपके आणि करपट वास. लवकर उतरवला तर ओला राहतो, वजन जास्त भरतं म्हणून बरं वाटतं, पण लवकर बुरशी धरतो आणि माल परत येतो. दादाचा फोन नेमका याच वेळी वाजायचा. दुधाचा भाव लिटरला चाळीस धरला तरी एक घाणा करपला की चारशे रुपये गेले, लाकूड आणि मेहनत वेगळी.

एकदा लागोपाठ घाणे बिघडले तेव्हा मी वही घेतली. आठ दिवस चार रकाने भरले: काम काय, कोण करतं, किती वेळ लागतो, आणि चुकलं तर किती नुकसान. घरकामही लिहिलं. दादा म्हणाला, "ते कशाला? ते काय धंद्यात येतं का?" पण ते लिहिलं म्हणूनच कळलं. सगळ्यात लांब दिवस वहिनीचा होता, पहाटे साडेचार ते रात्री दहा. आणि दादा बाहेर गेला की खवा तीच उतरवायची, त्या दिवसांचा एकही घाणा बिघडलेला नव्हता.

चौथ्या रकान्याने वाटणी सोपी केली. चुकलं तर भरून निघत नाही ते काम हात बसलेल्या माणसाकडे, बाकीचं ज्याच्याकडे वेळ आहे त्याच्याकडे. वहिनी शेवटच्या पंधरा मिनिटांना. दोन्ही कढया एकदम न लावता अर्ध्या तासाच्या अंतराने लावायला लागलो, म्हणजे एकच माणूस दोन्ही उतरवू शकतो. दहा घाण्यांची पंधरा-पंधरा मिनिटं, म्हणजे अडीच तास. दादा दूध गोळा करणं आणि व्यापारी बघतो. अण्णांचे गुडघे गेलेत, पण नाक शाबूत आहे. ते बसून प्रत्येक कॅनचा वास घेतात, शंका आली तर थोडं दूध उकळून बघतात. आंबूस दूध कढईत फाटतं, ते तिथेच थांबतं. लाकूड, जाळ, पहिला पाऊण तास आणि भांडी माझ्याकडे.

दोन चुका आमच्याही झाल्या. पहिले पंधरा दिवस वहिनी कढईही बघायची आणि स्वयंपाकही. हुशार माणसावर काम वाढत जातं, कमी कोणी करत नाही. मग सकाळच्या भाकरी आईने घेतल्या आणि पोरांना शाळेत सोडणं दादाने. दुसरी चूक, वहिनी पाच दिवस माहेरी गेली तर भट्टी बंद ठेवावी लागली. आता रोज एक घाणा तिच्यासमोर मी उतरवतो. अजून कधी ओला राहतो, पण शिकतोय.

एक गोष्ट मात्र वहीनेही सुटलेली नाही. पैसे अजून दादाच्याच खात्यात येतात. वहिनी परवा हसत म्हणाली, "भावजी, कढई माझी आणि कोयता यांचा." हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. पण माझं मत स्पष्ट आहे: कौशल्य पाहून काम दिलं आणि मोबदला जुन्याच नावावर ठेवला, तर ती वाटणी नव्हे, नुसती सोय. येत्या महिन्यापासून खव्याच्या विक्रीतला ठरलेला हिस्सा तिच्या खात्यात जावा, हे मी घरात मांडलंय. अण्णा 'हो' म्हणालेत, दादा अजून गप्प आहे.

तुमच्या दुकानात, गिरणीत, गोठ्यावर आठ दिवस ही वही ठेवून बघा. चौथा रकाना विसरू नका, आणि घरकाम वगळू नका.