चावी घ्या, पण त्या कागदावर सही करू नका

परवा बिलोलीतल्या आमच्या नव्या फ्लॅटचा ताबा घ्यायला गेलो होतो. बिल्डरच्या माणसानं चावी पुढं केली आणि सोबत छापील कागद. त्यात एकच वाक्य होतं: "फ्लॅटची पाहणी केली, काम समाधानकारक आहे, कसलीही तक्रार नाही." पाहणी व्हायच्या आधीच समाधान छापून तयार! मी सही केली नाही. आमच्या मंडळी म्हणाल्या, "कशाला वाकडं घेता, गावातलाच माणूस हाय." बरोबर आहे, म्हणूनच भाऊंचं नाव लिहीत नाही. पण त्यांना दिलेलं पत्र इथं टाकतो. वरच्या मजल्यावरची माणसंबी "आमचंबी असंच हाय" म्हणायलेत.

भाऊ, नमस्कार.

सगळ्यात मोठी अडचण बाथरूमची आहे. एक बादली पाणी ओतलं तर ते नहाणीकडं जायच्या ऐवजी दाराकडं येतं. म्हणून नहाणीच्या जाळीत कापड कोंबून दोन इंच पाणी भरलं, पातळीला पेन्सिलीची खूण केली आणि संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं. थोडंफार पाणी हवेनं उडतं, ते मान्य. पण खालच्या फ्लॅटच्या छताला हाताएवढा ओला डाग आला, तो हवेनं येत नाही. शेजारच्या बेडरूमची भिंतही टाइल्सच्या मागून फुगली आहे. तुमचा मिस्त्री म्हणाला, सांध्यात व्हाइट सिमेंट भरून देतो. भाऊ, पाणी अडवणारा थर टाइल्सच्या खाली असतो, सांध्यात नाही. वरून भरलेलं चार महिन्यांत सुटतं आणि डाग परत येतो. टाइल्स काढा, उतार नीट करा, वॉटरप्रूफिंग परत करा आणि नवीन टाइल्स बसवायच्या आधी पाणी भरून माझ्यासमोर तपासा.

हॉलमध्ये बीमच्या खाली सरळ आडवी चीर आहे. काँक्रीट आणि वीट जिथं मिळतात तिथं प्लास्टरखाली जाळी मारली नाही की अशी चीर येते. हिला मी घाबरत नाही, फोडून जाळी मारा. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली चीर वेगळी. आपली जमीन काळी, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ही चीर पायाची आहे की नुसत्या प्लास्टरची, हे तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरनं येऊन लेखी सांगावं. पुट्टी मारून झाकू नका. स्वयंपाकघरातलं प्लास्टर नखानं खरवडलं तर भुकटी पडते. मांजरेच्या काठची माणसं आपण, मातीची वाळू आणि कमी पाणी मारलेलं प्लास्टर आपल्याला ओळखू येतं.

आता मापाचं. करारात कार्पेट ६१२ चौरस फूट आहे. आतल्या भिंती धरून आणि बाल्कनी सोडून मोजलं तर ५८९ भरलं. फरक २३ फुटांचा. करारात ३ टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे १८ फुटांच्या आसपास. ३२०० च्या भावानं २३ फुटांचे ७३,६०० रुपये होतात. तुमचा इंजिनिअर आणा, दोघं मिळून परत मोजू. माझी चूक निघाली तर इथंच पोस्ट टाकून सांगेन.

भोगवटा प्रमाणपत्राची प्रतही अजून मिळालेली नाही, ती द्या.

शेवटचा हप्ता मी अडवत नाही, कारण थांबवला तर व्याज माझ्यावरच चढतं. पण रेरा कायद्याचं कलम १४(३) तुमच्यावरही आहे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा, नाहीतर नुकसानभरपाई द्यायची.

आपला, फ्लॅटधारक

पत्र इथं संपलं. काही जण विचारायलेत, सही केली तर हक्क जातो का? कायद्यातला हक्क एका छापील ओळीनं जात नाही. पण उद्या तुटकी टाइल दाखवली की बिल्डर तोच कागद पुढं करतो आणि म्हणतो, "तेव्हा तर चांगली होती, तुम्हीच फोडली." मग सिद्ध करत बसायचं तुम्ही. म्हणून ताब्याच्या कागदावर हातानं लिहा, "खालील दोषांसह ताबा घेतला", आणि खोली, भिंत, माप टाका. फोटो त्याच दिवशी काढा.

आमची इमारत बारा फ्लॅटची आहे आणि रेरात नोंदलेली आहे. आठपर्यंत फ्लॅट किंवा ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा असेल तर नोंदणीची सक्ती नाही. तालुक्याच्या गावात बिल्डिंगा मुद्दाम तेवढ्याच का बांधतात, ते आता कळलं असेल! तिथं १९६३ चा जुना मोफा कायदा धरावा लागतो, त्यात दोष दाखवायची मुदत तीनच वर्षं आहे.

पत्र स्पीड पोस्टानं पाठवलं आहे, पोचपावती ठेवली आहे. भाऊ, शनिवारी सकाळी दहाला मी फ्लॅटवर असेन. मिस्त्री नको, इंजिनिअरला घेऊन या.